शेजाऱ्याच्या भिंतीवर मनाई मागताना या चुका टाळा

"वकीलसाहेब, तो आपल्या जाग्यात दोन फूट आत पाया खंदायलाय. आजच स्टे आणा!" परभणीकडच्या एका गावातून आलेले नाना खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले. हातात ग्रामपंचायतीचा नमुना नंबर 8, बाकी काही नाही.

पहिली चूक तिथंच. नमुना 8 हा कर आकारणीचा कागद, त्यानं मालकी सिद्ध होत नाही. दाव्यासोबतच्या मनाई अर्जावर (आपल्याकडे सगळे त्याला निशाणी 5 म्हणतात) न्यायाधीश आधी प्रथमदर्शनी केस पाहतात. म्हणजे सगळा पुरावा आजच नको, पण हक्काचा प्रश्न खरोखर उभा आहे हे कागदावरून दिसलं पाहिजे. नानांकडं घरी ट्रंकेत नोंदणीकृत खरेदीखत निघालं, रुंदी तीस फूट लिहिलेली. शेजाऱ्याच्या खुणेपासून टेप लावला तर अठ्ठावीसच भरले. तो कच्चा नकाशा, चतु:सीमा आणि वादातली दोन फुटांची पट्टी अर्जात वेगळी दाखवली. "माझी जागा बळकावली" एवढंच लिहिलं असतं, तर कोर्टानं नेमकं काय थांबवायचं?

दुसरी चूक नुकसानीच्या वर्णनात. "माझं भरून न येणारं नुकसान होईल" हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं, म्हणून ते कुणी वाचत नाही. पैशानं भरून निघणारं नुकसान या कसोटीत सहसा बसत नाही. नानांचं मात्र खरं दुखणं होतं : भिंत झाली की मागच्या दारानं बाहेर पडता येत नव्हतं आणि न्हाणीच्या पाण्याला वाट उरत नव्हती. हे लिहिल्यावर तिसरी कसोटी, सोयी-गैरसोयीचं पारडं, आपोआप झुकलं. काम थांबलं तर शेजाऱ्याचे गवंड्याचे दिवस आणि थोडं सिमेंट जाणार, चालू राहिलं तर नानांचं दारच बंद.

मात्र हे पारडं पाया असेपर्यंतच असं असतं. भिंत स्लॅबपर्यंत गेल्यावर "बांधू नका" म्हणण्यात अर्थ नाही. मग "पाडा" असा अंतरिम हुकूम मागावा लागतो, आणि तो क्वचितच, फार भक्कम केसवरच मिळतो. तीन आठवडे सरपंचाकडं हेलपाटे मारून येणारे इथंच फसतात. तडजोड करा, पण तारखेचे फोटो काढत करा.

सगळ्यात महाग चूक लपवाछपवी. नानांनी मला उशिरा सांगितलं की दोन वर्षांपूर्वी मोजणीला त्यांनीच हरकत घेतली होती. तेही अर्जात लिहिलं. नोटिशीआधीच मनाई मागितली, तर कोर्टाला तशी कारणं नोंदवावी लागतात, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39 नियम 3 नुसार अर्ज, दावा, कागदपत्रं लगेच समोरच्याला पाठवून त्याच किंवा दुसऱ्या दिवशी तसं शपथपत्र द्यावं लागतं. दडवलेला कागद शेजाऱ्यानं दाखवला, की मिळालेली मनाई उठू शकते.

कोर्टानं पुढल्या तारखेपर्यंत 'जैसे थे' ठेवलं आणि दोन्हीकडच्यांना मोजणीचं विचारलं. नानांनी या खेपेला हरकत घेतली नाही.