रांगोळीत चेहरा हिरवट किंवा पांढुरका दिसतो? रंग मिसळताना या चुका टाळा

वाटीत फोटोशी जुळलेला गव्हाळ रंग जमिनीवर पडला की वेगळाच दिसतो. व्यक्तिचित्राच्या रांगोळीत ही तक्रार नेहमीची आहे.

पहिली चूक फोटो पाहण्यातच होते. काळ्या केसांशेजारचा गाल असतो त्याहून उजळ भासतो. म्हणून करड्या कागदाला पेन्सिल जाईल एवढं भोक पाडा, तो कागद गालावर ठेवा आणि भोकातला तेवढाच रंग पाहा. फोटो छापील असलेला बरा. मोबाइलचा पडदा स्वतःच उजळतो. त्याच्याशेजारी कुठलंही मिश्रण मळकट वाटतं आणि आपण उगाच पांढरी वाढवत जातो.

बाजारातल्या तयार रंगीत रांगोळीतून मध्यम गव्हाळ छटा करायची, तर सपाट चमच्याने पांढरी 6, पिवळी 2, केशरी 1 आणि चॉकलेटी 1 इथून सुरुवात करा. प्रत्येक दुकानाचा रंग कमी-जास्त गडद असतो, त्यामुळे आधी अगदी छोट्या चमच्याने नमुना करून पाहा. लेक कलर वापरत असाल तर हे प्रमाण चालणार नाही. तो फार तीव्र असतो, चिमटीचिमटीनेच घालावा लागतो. नेहमी पांढरीत गडद रंग घाला. उलट केलंत तर रंग फिका करता करता परातभर मिश्रण होऊन बसतं.

सगळ्यात जास्त चेहरे बिघडतात ते सावलीत. नाकाच्या बाजूला किंवा हनुवटीखाली गडद हवं म्हणून मूळ मिश्रणात काळी घातली जाते. मिश्रणातल्या पिवळ्यात काळा मिसळला की हिरवट झाक येते आणि चेहरा आजारी दिसतो. त्याऐवजी मूळ मिश्रणाचे 4 चमचे, चॉकलेटीचे 2 आणि जांभळीची एक चिमूट घ्या. हिरवट झालेलं मिश्रण टाकू नका. लाल चिमटीचिमटीने घालत गेलं की ते सावरतं. कपाळावरच्या उजेडासाठी मूळ मिश्रणात नुसती पांढरी घातली तर पीठ लावल्यासारखं दिसतं. 1 चमचा मिश्रणाला 2 चमचे पांढरी घ्या आणि सोबत पिवळीची चिमूट टाका.

रंगात पांढरे ठिपके दिसत असतील तर प्रमाण बदलू नका, मिसळणं कमी पडलंय. तळहातांत चोळून चहाच्या गाळणीतून तीनदा चाळा. ओलसर रांगोळीच्या गुठळ्या होतात, म्हणून ती आधी उन्हात वाळवा.

छटा वाटीत कधीच ठरवू नका. ज्या जमिनीवर काढणार तिथेच, त्याच उजेडात, तळहाताएवढा पट्टा चाळून पाहा. थर पातळ पडला तर खालची फरशी डोकावते. पुसलेली फरशी ओली असेल तर रंग गडद दिसतो. पट्टा जुळला की प्रमाण कागदावर लिहा आणि पूर्ण चेहऱ्याला पुरेल एवढं मूळ मिश्रण एकदमच करा. अर्ध्या गालावर संपलं, तर दुसऱ्या घाण्याचा सांधा दिसल्याशिवाय राहत नाही.