कारखानदाराच्या साप्ताहिक पोस्ट सहाव्या आठवड्यात का आटतात? या चुका टाळा

वाळूज, शेंद्रा किंवा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील लहान निर्यातदारांसाठी लिंक्डइनवर दर आठवड्याला लिहिण्याचे काम मी करतो. परदेशी खरेदीदाराने आपल्याला जाणकार म्हणून ओळखावे, एवढीच मालकांची अपेक्षा असते. पहिल्या पाच-सहा पोस्टमध्ये गुणवत्तेची बांधिलकी, प्रदर्शनातील छायाचित्र आणि सणाच्या शुभेच्छा येऊन जातात. त्यानंतर लिहायला काही उरत नाही. मालकांना हा वेळेचा प्रश्न वाटतो, पण अडचण बहुधा वेगळी असते: सांगण्यासारखे जे असते ते तक्रारींच्या नोंदवहीत पडून राहते आणि लिहिणारा माहितीपत्रक समोर ठेवून लिहीत असतो.

जर्मनीला पोलादी कातीव भाग पाठवणाऱ्या वाळूजच्या एका मालकांच्या बाबतीत माझ्याकडूनच हे घडले. पॅकिंगवर पोस्ट हवी होती, म्हणून मी ‘आमचे निर्यात पॅकिंग जागतिक दर्जाचे आहे’ असे वाक्य लिहिले. ते भारतातला कोणताही कारखाना लिहू शकला असता. पोस्टला भरपूर पसंती मिळाली. नावे पाहिली तर त्यात मेहुणे, बँकेचे अधिकारी आणि हत्यारे विकणारे प्रतिनिधी होते.

पुढच्या शनिवारी पाळी सुटल्यावर मी त्यांच्यासमोर फोनवर ध्वनिमुद्रण लावून बसलो आणि एकच प्रश्न विचारला: पॅकिंगमुळे माल शेवटचा कधी परत आला? उत्तर वीस मिनिटे चालले. पावसाळ्यात भरलेल्या खोक्यांपैकी फक्त खालच्या थरातील भागांवर गंज आला होता. गंजरोधक पिशव्या बदलून झाल्या, तेल बदलून झाले, तरी गंज खालच्याच थरात येत राहिला. शेवटी लाकडी पॅलेटमध्ये आर्द्रतामापक टोचला, तेव्हा लाकूड ओले निघाले. पॅलेटवर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का असल्यामुळे ती कोरडीच असणार, असे सर्वांनी गृहीत धरले होते. “शिक्का असला म्हणून लाकूड वाळलेलं थोडंच असतंय?” असे मालक हसत म्हणाले.

पोस्ट त्या वाक्यात होती. निर्यातीच्या लाकडी पॅलेटसाठी असलेल्या आयएसपीएम १५ या नियमानुसार लाकडाचा गाभा किमान ३० मिनिटे ५६ अंश सेल्सिअसवर ठेवतात. त्याने कीड मरते, लाकूड वाळतेच असे नाही. शिवाय प्रक्रिया झालेली पॅलेट पावसात उघड्यावर राहिली तरी शिक्का तसाच दिसतो. कंटेनर दिवसा तापला की लाकडातील ओल हवेत जाते आणि रात्री पत्रा व माल थंड झाल्यावर त्यांच्यावर पाणी धरते. खालच्या थरातील पिशव्या खिळ्यांनी फाटल्या होत्या, त्यामुळे गंजाची सुरुवात तिथून झाली. उपायही साधाच होता: पॅलेट छपराखाली ठेवणे, ओल २० टक्क्यांहून अधिक आढळल्यास ती न वापरणे आणि पिशवीखाली जाड पुठ्ठा घालणे.

नवी पोस्ट ‘पॅलेटवरचा शिक्का कीड मारल्याचा असतो, लाकूड वाळल्याचा नव्हे’ या वाक्याने सुरू झाली. ते पहिले असणे आवश्यक होते, कारण सुरुवातीच्या दोन-तीन ओळींनंतरचा मजकूर वाचकाला उघडावा लागतो. माझ्या आधीच्या मसुद्यात त्या जागी कंपनीचे स्थापना-वर्ष होते! पोस्ट इंग्रजीत गेली, मात्र मुलाखत मराठीतच घेतली. हेच मालक इंग्रजीत सांगू लागले की माहितीपत्रकासारखे बोलतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

अशा प्रामाणिकपणाला मर्यादा आहे आणि ती न पाळणे ही सर्वांत महाग पडणारी चूक ठरते. तक्रार खुली असताना तिच्यावर लिहू नये. कारणाबद्दलचे आपले जाहीर वाक्य उद्या नुकसानभरपाईच्या वादात आपल्याच विरोधात वाचले जाऊ शकते. तक्रार लेखी बंद झाल्यावरही ग्राहक, देश आणि भाग ओळखू येणार नाही असे लिहावे, आणि गोपनीयतेचा करार असेल तर आधी परवानगी घ्यावी. छायाचित्रात सुट्या भागाच्या मागे टेबलावर पसरलेले ड्रॉइंग किंवा खोक्यावरचे लेबल हमखास येते. आम्ही रिकामी पॅलेट आणि तिच्यात टोचलेला मापक एवढेच दाखवले.

या पोस्टला पसंती आधीच्या निम्मीही नव्हती आणि मालक नाराज झाले. तेव्हा मी त्यांना पोस्टच्या आकडेवारीत वाचकांची हुद्द्यांनुसार विभागणी दाखवली: खरेदी आणि पुरवठादार-गुणवत्ता ही पदे प्रथमच दिसत होती. पुढच्या शनिवारी त्यांनी तक्रारींची नोंदवही स्वतःहून टेबलावर आणून ठेवली.