क्लिनिकच्या गाळ्यासाठी भाडेमाफीचे महिने आणि टप्प्याटप्प्याने वाढणारं भाडं : मालकाला प्रस्ताव कसा द्यावा

टोकन देण्याआधी प्रस्ताव द्या, तोही लेखी आणि एका पानात. टोकन हातात पडल्यावर मालक एकही महिना सोडत नाही. ‘आधी जागा अडवून ठेवा, बाकीचं नंतर बोलू’ हा एजंटचा सल्ला मुळीच ऐकू नका.

पुण्यातला पहिल्या मजल्यावरचा 600 चौरस फुटांचा गाळा धरू. दातांचा दवाखाना, दोन खुर्च्या, 5 वर्षांचा लिव्ह अँड लायसन्स करार. मालक म्हणतो महिना 60,000, दरवर्षी 5 टक्के वाढ आणि फर्निचरसाठी एक महिना माफ.

1. आकडे मांडा

टक्क्यांत बोलू नका, रुपयांत लिहा. आपला प्रस्ताव असा : पहिले तीन महिने माफ, पुढचे नऊ महिने 52,000, दुसऱ्या वर्षी 60,000, मग 66,000, 72,000 आणि पाचव्या वर्षी 78,000.

मालकाच्या हिशोबाने त्याला 5 वर्षांत सुमारे 39 लाख 18 हजार मिळतात, आपल्या हिशोबाने 37 लाख 80 हजार. तुमचं पहिल्या वर्षाचं भाडं मात्र 6 लाख 60 हजारांवरून 4 लाख 68 हजारांवर येतं. पेशंट जमायचे असतात त्याच वर्षी ही रक्कम हाताशी राहते. मालकाला दाखवायचा आकडा वेगळा आहे. त्याच्या पद्धतीने पाचव्या वर्षी भाडं जेमतेम 72,930 होतं, आपल्या पद्धतीने 78,000, आणि नव्या कराराची बोलणी तिथूनच सुरू होतात. हे तुम्हालाही जड जाऊ शकतं, म्हणून 78,000 झेपणार असतील तरच लिहा.

2. माफीचे महिने कधीपासून मोजायचे

खरी अडचण इथे आहे आणि बहुतेक डॉक्टर इथेच पैसे घालवतात. ‘करार झाल्यापासून तीन महिने माफ’ असं वाक्य कधीही मान्य करू नका. दातांच्या खुर्चीला पाणी, हवा आणि ड्रेनेजच्या लाइनी जमिनीतून न्याव्या लागतात. पहिल्या मजल्यावर त्यासाठी फरशी फोडायची किंवा जमीन उंच करायची, आणि फोडायची म्हटलं की खालचा दुकानदार गळतीच्या भीतीने सोसायटीकडे जातो. सोसायटी परवानगीचा विषय पुढच्या मीटिंगवर ढकलते. तोवर काम बंद आणि माफीचे दिवस चालूच. वाढीव वीजभाराचंही तेच. कॉम्प्रेसर आणि एसी जुन्या मीटरवर चालणार नसतील, तर महावितरणची मंजुरी येईपर्यंत क्लिनिक उघडता येत नाही.

म्हणून प्रस्तावात हे शब्द घाला : ‘गाळा पूर्ण रिकामा मिळणे, दवाखान्यासाठी व ड्रेनेजच्या कामासाठी सोसायटीचं लेखी ना-हरकत पत्र मिळणे आणि वाढीव वीजभार मंजूर होणे, या तीनही गोष्टी झाल्यापासून 90 दिवस भाडे आकारले जाणार नाही. क्लिनिक त्याआधी सुरू झाल्यास भाडे त्या दिवसापासून लागू होईल.’

दुसरं वाक्य मालकासाठी आहे. ते नसेल तर तुम्ही पेशंट तपासत बसाल आणि भाडं देणार नाही, अशी त्याला शंका येते, आणि ती रास्त आहे. तुमच्या सुतारामुळे किंवा खुर्ची उशिरा आल्यामुळे गेलेले दिवस मात्र मालकाच्या माथी मारू नका, ते तुमचेच. वीजभाराचा अर्ज कोण करणार हेही तिथेच लिहा. मीटर बहुधा मालकाच्या नावावर असतं, तेव्हा त्याच्या सहीशिवाय अर्ज हलणार नाही.

3. मालकाची भीती काढा

स्वस्तातली वर्षं वापरून भाडेकरू निघून जाईल, ही त्याची भीती. तिला उत्तर एकच : 36 महिन्यांचा लॉक-इन. त्याआधी गाळा सोडलात तर माफ झालेल्या तीन महिन्यांचं भाडं, 52,000 प्रमाणे 1 लाख 56 हजार, परत देण्याची तयारी स्वतःहून लिहा. बदल्यात, भाडं थकल्याशिवाय मालकाला 60 महिने करार मोडता येणार नाही, हे मागा. जमिनीखाली लाइनी टाकल्यावर वर्षभरात गाळा खाली करणं कुणालाच परवडत नाही.

4. उरलेल्या ओळी

माफीच्या काळात वीजबिल तुमचं. मेंटेनन्स कोणाचा ते लिहा.

भाड्यावर जीएसटी लागणार का, हे आधीच विचारा. रुग्णसेवा जीएसटीमुक्त असल्यामुळे भाड्यावर भरलेला 18 टक्के कर तुम्हाला वळता करून घेता येत नाही. 60,000 वर तो 10,800 होतो, म्हणजे वाटाघाटीत मिळवलेले 8,000 त्यातच जातात.

मालक हो म्हणाला की वर्षवार रकमांचा तक्ता आणि 90 दिवसांचं कलम नोंदणी होणाऱ्या करारातच घाला. तोंडी कबुली किंवा व्हॉट्सअॅपवरचा ‘ओके’ धरून सही करू नका. मसुद्यात ते कलम दिसल्यावरच डिपॉझिटचा चेक द्या.