लग्नाची बातमी ऑफिसच्या ग्रुपवर टाकताय? या चुका टाळा

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं की आमच्या कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या ग्रुपवर पत्रिकांचे फोटो यायला लागतात. फोटोखाली एकच ओळ, "हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे". झालं, मुलगा मोकळा. मग आठवडाभर सगळा स्टाफ एकमेकांना विचारत फिरतो की हा सुट्टीवर कधी जाणार, परत कधी येणार आणि याचं काम कोण बघणार. पत्रिकेत मामा-मामींपासून चिमुकल्या किलबिलपर्यंत सगळ्यांची नावं असतात. सुट्टीच्या तारखा नसतात, आणि त्या तिथे असायचं कारणही नाही. त्या तुम्ही लिहायच्या असतात.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती "10 ते 20 सुट्टीवर आहे" या वाक्याची. यातल्या "ते"मुळे मी भांडणं झालेली पाहिली आहेत. 20 तारखेला माणूस कामावर आहे की घरी? लिहिणारा म्हणतो, 20 धरून सुट्टी. वाचणारा म्हणतो, 20 ला हजर.

आमच्या ओळखीच्या एका कारखान्यात डिस्पॅचच्या पोराने नेमकं हेच लिहिलं होतं. पुण्याच्या पार्टीचा माल 20 ला निघायचा म्हणून सगळ्यांनी गाडी त्याच दिवशी बोलावली, कारण "तो येतोच आहे". गाडी भरली, बिल झालं आणि ई-वे बिल काढायला बसले तर ओटीपी त्याच्या मोबाईलवर. पोर्टलच्या लॉगिनला नंबर त्याचाच दिलेला. आणि तो कुठे? जेजुरीला, नव्या नवरीला उचलून पायऱ्या चढत होता, मोबाईल धाकट्या भावाच्या खिशात. खंडोबापुढे ओटीपीला कोण विचारतो! गाडी संध्याकाळपर्यंत गेटवर उभी राहिली. ड्रायव्हरने थांबल्याचे पैसे मागितले ते वेगळेच. पोराचं काही चुकलं नाही असं त्याला अजून वाटतं, आणि त्याच्या हिशेबाने ते बरोबरही आहे.

म्हणून मी माझ्या सेक्शनला सांगून ठेवलंय, "ते" लिहायचंच नाही. दोन दिवस लिहायचे, कामावरचा शेवटचा आणि परत हजर होण्याचा, दोन्ही वारासकट. वार लिहिला की तारीख चुकली असली तरी लगेच लक्षात येतं. सुट्टी किती दिवसांची, हे ग्रुपवर लिहू नका. 19 फेब्रुवारीची शिवजयंती किंवा मधला रविवार रजेत धरायचा की नाही हे प्रत्येक कंपनीत वेगळं असतं. तो हिशेब तुमचा आणि एचआरचा, ग्रुपवर त्याची चर्चा कशाला? आणि ज्या पोर्टलचा ओटीपी तुमच्या मोबाईलवर येतो, तिथे जायच्या आधी दुसऱ्या कुणाच्या नंबरवर सब-युजर काढून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे. पोरं ते शेवटच्या दिवशी संध्याकाळी करायला घेतात आणि मग ते राहतं.

दुसरी चूक, आधी ग्रुप आणि मग साहेब. अर्ज मंजूर व्हायच्या आत मेसेज टाकला की साहेबांना तुमची सुट्टी ग्रुपवर कळते. पन्नास जणांनी अभिनंदन केल्यावर ते नाही म्हणू शकत नाहीत, असा काही हुशार लोकांचा हिशेब असतो. साहेबांनाही तो कळतो, आणि पुढच्या रजेच्या वेळी आठवतो. आधी केबिनमध्ये जा, पेढा द्या, तारखा सांगा, अर्जावर सही घ्या. ग्रुप त्यानंतर.

एकाच मेसेजमध्ये बातमी, सुट्टी, काम आणि आमंत्रण नीट बसतं. आमच्या अकाउंट्सच्या मुलीसाठी मी असा मजकूर बसवून दिला होता:

"नमस्कार मंडळी, आनंदाची बातमी! माझं लग्न ठरलंय, रविवार 22 फेब्रुवारी, दुपारी 12.35 चा मुहूर्त, कराडला. अक्षता पडल्या की लगेच जेवणं आहेत. कार्यालयाचं लोकेशन खाली देते. तुम्ही सगळ्यांनी घरच्यांना घेऊन यायचं, आहेर आणू नका. मी मंगळवार 17 ला संध्याकाळपर्यंत कामावर आहे आणि सोमवार 2 मार्चला सकाळी हजर होते. रजा साहेबांनी मंजूर केली आहे. जानेवारीचं जीएसटीचं 3बी रिटर्न मी 17 ला निघायच्या आधी भरून जाते. पार्ट्यांचे फोन आणि पेमेंटच्या नोंदी स्टोअरचे दादा बघणार आहेत, त्यांना सगळं दाखवून ठेवलंय. पत्रिका द्यायला मी प्रत्येकाच्या टेबलावर येतेच आहे. नक्की या, वाट बघते."

यातलं 3बी चं वाक्य मी मुद्दाम घालायला लावलं. जीएसटीआर-3बी ची शेवटची तारीख दर महिन्याच्या 20 ला, आणि ही 17 ला संध्याकाळी निघणार. "मग मी 10 लाच भरून टाकते," असं ती म्हणाली होती. पण खरेदीवरच्या टॅक्सचं क्रेडिट जुळवायला लागणारं 2बी स्टेटमेंट पोर्टलवर 14 तारखेला तयार होतं, आणि या वेळी 15 ला रविवार. म्हणजे तिच्या हातात खरे दिवस दोनच, सोमवार आणि मंगळवार. डिजिटल सही शेठची, आणि ते त्या दोन दिवसांत सांगलीत आहेत का हे आधी विचारायला हवं. लग्नाचा मेसेज लिहिताना हे सुचलं म्हणून बरं, नाहीतर हळदीच्या आदल्या दिवशी मेंदीच्या हातांनी फोनवर सांगत बसली असती. तुमच्या टेबलावरची अशी तारीख कोणती हे तुम्हालाच माहीत असतं. तेवढी एक लिहा. "माझं काम टीम बघेल" हे वाक्य मी कामचुकारपणाच धरतो, कारण टीम नावाचा माणूस फोन उचलत नाही.

आमंत्रणात "सर्वांनी यायचं हं" एवढंच लिहू नका. हळदीला बोलावताय की लग्नाला, एकट्याला की घरच्यांसकट, हे स्पष्ट लिहा. आपल्याकडे माणूस अपमान झाला म्हणून जेवढा रुसत नाही तेवढा "मला वाटलं फक्त स्टाफलाच आहे" म्हणून घरी बसतो. गोरज मुहूर्त असेल तर दुसऱ्या पाळीची माणसं येऊ शकत नाहीत. त्यांना दुपारच्या जेवणाला या म्हणून वेगळं सांगा. लोकेशन पाठवायच्या आधी स्वतः उघडून बघा. सांगली-मिरज रस्त्यावर कार्यालयांना तोटा नाही आणि सारख्या नावांनाही नाही.

मेसेज पाठवला म्हणजे पत्रिका दिली असं होत नाही. वॉचमनकाका आणि कँटीनच्या मावशी ग्रुपवर नसतात. त्यांना हातात पत्रिका आधी द्या.

फक्त साखरपुडा असेल तर तेवढंच लिहा, एक दिवसाची रजा आणि पुढच्या दिवशी हजर. "लग्न बहुतेक मे मध्ये, तेव्हा पंधरा दिवस नसेन" असली आगाऊ घोषणा नको. कार्यालय मिळत नाही, तारीख सरकते, आणि तोवर प्लॅनिंगवाल्यांनी मे महिना तुमच्याशिवाय मांडलेला असतो.

मेसेज शनिवारी रात्री टाकू नका. सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला टाका, आणि सुट्टीच्या तीन आठवडे आधी. जायच्या दोन दिवस आधी फक्त तारखांची ओळ परत टाका, फोटो न लावता.