केलीच्या सूत्रानं ट्रेडचा आकार कसा ठरवावा, आणि उत्तराचा चौथा हिस्साच का वापरावा

एका ट्रेडमध्ये भांडवलाचा किती हिस्सा धोक्यात घालायचा, याचं गणिती उत्तर १९५६ सालीच मिळालं. बेल लॅब्जमधल्या जॉन केली यांनी ते मांडलं. एडवर्ड थॉर्प यांनी ते आधी ब्लॅकजॅकच्या टेबलावर वापरलं आणि मग शेअर बाजारात आणलं. सूत्र एका ओळीचं आहे:

```
f = p - (1 - p) / b
```

p म्हणजे शंभरातले किती ट्रेड नफ्यात जातात ते प्रमाण. b म्हणजे सरासरी नफा भागिले सरासरी तोटा. f म्हणजे भांडवलाचा जो हिस्सा धोक्यात घातला तर दीर्घकाळात पैसा सगळ्यात वेगानं वाढतो, तो. या f च्या पुढे गेलात की वाढीचा वेग कमी होतो, आणि साधारण दुप्पट f ला तो शून्यावर येतो.

आकडे काढा. एकाच पद्धतीचे किमान शंभर ट्रेड घ्या. ब्रेकआउटचे आणि ऑप्शन विकण्याचे ट्रेड एकत्र मिसळू नका. नफा-तोटा कॉन्ट्रॅक्ट नोटवरून घ्या, म्हणजे दलाली, एसटीटी आणि बाकीचे खर्च वजा झालेला. बॅकटेस्टचे आकडे इथे चालत नाहीत, कारण ती पद्धत त्याच जुन्या किमती बघून निवडलेली असते.

समजा शंभरातले ४५ ट्रेड नफ्यात गेले. सरासरी नफा ३,६०० रुपये, सरासरी तोटा २,००० रुपये. म्हणजे b झाला १.८.

```
f = 0.45 - 0.55 / 1.8 = 0.144
```

भांडवलाच्या १४.४ टक्के. गणित इथे संपतं, आणि बहुतेक व्हिडिओही इथेच संपतात. मला राग येतो तो याचाच, कारण अवघड भाग इथून पुढे आहे.

p आणि b वर किती विसंबता येतं ते तपासा. मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते या पायरीवर. सूत्र धरून चालतं की p आणि b तुम्हाला नक्की माहीत आहेत. पत्त्यांच्या टेबलावर ते बरंचसं खरं असतं, कारण कॅटमधली पानं मोजता येतात. बाजारात तुमच्याकडे असतो फक्त अंदाज, आणि शंभर ट्रेडवरून काढलेला अंदाज फारच ढिला असतो. किती ढिला, ते असं काढा:

```
sqrt(0.45 * 0.55 / 100) = 0.05
```

म्हणजे पाच टक्के इकडे किंवा तिकडे ही अगदी रोजची चूक आहे. वहीत ४५ टक्के दिसत असले तरी खरं प्रमाण ४० असू शकतं. ४० धरून सूत्र पुन्हा चालवा: उत्तर येतं ६.७ टक्के. आता बघा काय झालं. तुम्ही १४.४ टक्के लावताय आणि योग्य आकडा आहे ६.७. दुप्पटीपेक्षा जास्त. ४० टक्क्यांना ही पद्धत नफ्याचीच आहे, धोक्यात घातलेल्या प्रत्येक रुपयामागे सरासरी १२ पैसे मिळतात. तरीही १४.४ टक्क्यांनी खेळलात तर भांडवल हळूहळू झिजत जातं, कारण प्रत्येक तोट्यानंतर भरपाईला त्याहून मोठी टक्केवारी लागते. चांगली पद्धत हातात असून माणूस कंगाल होतो तो असा, आणि मग दोष पद्धतीला देतो.

p अजून थोडा घसरून ३५ झाला तर उत्तर उणे येतं, म्हणजे ट्रेडच घेऊ नये. शंभर ट्रेडच्या वहीवरून ही शक्यताही पूर्ण नाकारता येत नाही.

b तर p पेक्षाही फसवा. वहीतला सगळ्यात मोठा नफा शोधा, तो काढून टाका आणि सूत्र पुन्हा चालवा. वरच्या उदाहरणात ४५ ट्रेडचा एकूण नफा १,६२,००० रुपये होता. त्यातला एकच ट्रेड ४०,००० चा असेल आणि तो वगळला, तर b १.३९ वर येतो आणि f १४.४ वरून ४.४ टक्क्यांवर. एका ट्रेडनं उत्तर तिपटीनं फुगवलं होतं. ही चाचणी केल्याशिवाय f वापरू नका, असं माझं ठाम सांगणं आहे.

तिसरी गोष्ट वहीत दिसतच नाही. सूत्रात प्रत्येक तोटा सरासरीइतकाच धरलेला असतो, म्हणजे तुमचा स्टॉप-लॉस दरवेळी ठरल्या भावाला लागतो असं मानलेलं असतं. ४ जून २०२४ ला, लोकसभा निकालाच्या दिवशी, निफ्टी जवळजवळ सहा टक्के पडला. अशा पडझडीत भाव स्टॉप ओलांडून खाली जातो आणि २,००० चा तोटा ५,००० चा होतो. तुमच्या शंभर ट्रेडमध्ये असा दिवस नसेल तर b खऱ्यापेक्षा मोठा दिसतोय.

हिस्सा निवडा. अर्धा f लावला तर वाढीचा साधारण तीन-चतुर्थांश वेग टिकतो आणि चढउतार निम्मे होतात. चौथा हिस्सा लावला तर वेग ४४ टक्क्यांच्या आसपास राहतो. हा सौदा मला नेहमीच फायद्याचा वाटला आहे. आपल्या उदाहरणात सलग पाच तोटे आले तर पाच लाखांचं काय होतं बघा: पूर्ण f ला २ लाख २९ हजार उरतात, अर्ध्याला ३ लाख ४४ हजार, चौथ्याला ४ लाख १६ हजार. ५५ टक्के ट्रेड तोट्यात जाणाऱ्या पद्धतीत अशी रांग वर्षभरात हमखास येते. पूर्ण f वर कधी ना कधी भांडवल सुरुवातीच्या निम्म्यावर येण्याची शक्यता जवळपास पन्नास टक्के असते, आणि अर्ध्यावर ती साधारण आठात एक, तीही p आणि b अचूक असतील तर.

शंभर-दोनशे ट्रेडची वही असेल तर चौथा हिस्सा घ्या. कित्येक वर्षांची, चढत्या आणि पडत्या दोन्ही बाजारांतली वही असेल तरच अर्ध्याचा विचार करा. पूर्ण f कुणीच लावू नये.

शेअरची संख्या काढा. f ही धोक्यात घातलेली रक्कम आहे, खरेदीची नव्हे. इथे गोंधळ फार होतो. पाच लाखांचे १४.४ टक्के म्हणजे ७२,००० रुपये. शेअर ५०० ला आणि स्टॉप ४८० ला असेल तर प्रत्येक शेअरमागे धोका २० रुपये, म्हणून ३,६०० शेअर, किंमत १८ लाख. एवढे पैसेच नाहीत, उधारीवर उडी मारावी लागेल. चौथ्या हिस्स्यानं धोका १८,०००, शेअर ९००, किंमत साडेचार लाख. फ्युचर्स-ऑप्शनमध्ये एका लॉटचाच धोका या रकमेपेक्षा जास्त होत असेल तर तो ट्रेड सोडा. लॉट तोडता येत नाही.

एकावेळी अनेक ट्रेड असतील तर रक्कम वाटून घ्या. तीन बँकांचे शेअर एकाच दिवशी घेतले तर ते जवळपास एकच ट्रेड आहे, म्हणून १८,००० तिघांत मिळून. आयटी आणि औषध कंपन्यांसारखी वेगळी क्षेत्रं असली तरी प्रत्येकाला पूर्ण १८,००० देऊ नका, कारण मोठ्या पडझडीत सगळंच एकत्र खाली येतं.

रक्कम दर ट्रेडला त्या वेळच्या भांडवलावर काढा. p आणि b मात्र पन्नासेक नवे ट्रेड झाल्यावरच बदला, नाहीतर चार नफ्यांनंतर आकार वाढेल तो नेमका तोट्याच्या रांगेच्या तोंडावर.