गोळाफेक शिकवताना आधी ‘थांबा’ शिकवा

नवख्या मुलांच्या गोळाफेकीत मला फेकण्यापेक्षा गोळा आणण्याची भीती जास्त वाटते. एकाचा गोळा पडला की तो लगेच धावत सुटतो आणि शेजारचा तेव्हाच फेकायच्या तयारीत असतो. म्हणून पहिल्या तासाला गोळे पोत्यातच राहू द्या आणि आधी मैदान आखा.

फक्कीने फेकरेषा मारा. तिच्या पाच मीटर मागे दुसरी रेघ, वाट पाहणाऱ्यांसाठी. स्पर्धेचा सेक्टर आखायचा तर वर्तुळाच्या मध्यापासून १० मीटरवर दोन खुणा एकमेकींपासून ६ मीटर दूर ठेवा आणि मध्यापासून त्यांच्यातून दोऱ्या ताणा. पण नवख्याचा गोळा सेक्टरमध्येच पडेल याची खात्री नसते. त्यामुळे दोन्ही बाजूंची जागाही मोकळी हवी.

आता आज्ञा. चारच ठेवा: ‘गोळा घ्या’, ‘फेका’, ‘थांबा’, ‘आणा’. रिकाम्या हातांनी दहा वेळा सराव करून घ्या. मुलं हसतात, हसू द्या. शेवटचा गोळा घरंगळून पूर्ण थांबल्याशिवाय ‘आणा’ म्हणायचं नाही. ‘थांबा’ मात्र कोणीही ओरडू शकतं, आणि ते ऐकताच गोळा खाली, पायांपासून दूर ठेवायचा. गोळा चालत जाऊन, दोन्ही हातांनी उचलून आणायचा. परत फेकायचा नाही. घरंगळता गोळा फुटबॉलसारखा पायाने अडवायला जाणारा एक तरी असतोच, त्याला आधीच सांगून ठेवा.

पुढचा टप्पा मेडिसिन बॉलचा. एक-दोन किलोचा बॉल छातीपासून दोन्ही हातांनी पुढे ढकलायला लावा. ढकलणं अंगात मुरलं की हलका गोळा द्या. १८ वर्षांखालील मुलींच्या स्पर्धेत ३ किलोचा आणि मुलांच्या स्पर्धेत ५ किलोचा असतो, शिकताना त्याहून हलका चालतो. गोळा बोटांच्या मुळाशी टेकवा, तळव्यात रुतवू नका, आणि हनुवटीखाली मानेला लावा. आधी समोर तोंड करून जागेवरून फेक, मग बाजूने उभं राहून.

इथे क्रिकेट आडवं येतं. मुलगा चेंडू टाकल्यासारखा हात फिरवतो, कोपर खाली घसरतं, गोळा मान सोडून खांद्यामागे जातो. नियमात ते फाऊल आहेच, शिवाय सगळा ताण खांद्यावर आणि कोपरावर येतो. लांबून ओळखायचं असेल तर कोपर बघा: फेकताना ते गोळ्याच्या मागे असलं पाहिजे. खाली दिसलं की गोळा काढून घ्या आणि पुन्हा मेडिसिन बॉल द्या.

घसरत जाण्याची, म्हणजे ग्लाइडची, घाई नको. जागेवरून पाच फेकी सलग, कोपर न पडता आणि रेषा न ओलांडता जमल्या की मगच वर्तुळात न्या.

पाऊस पडून गेला असेल तर गोळा पुसायला कोरडं फडकं जवळ असू द्या. ओला गोळा हातातून निसटून भलतीकडेच जातो.