भाऊबंदकीत कंपनी गुंडाळायला निघालात? या चुका टाळा

"वकीलसाहेब, कंपनीच बंद पाडा. मला नाही तर कुणालाच नाही." शिरोलीतल्या एका फाउंड्रीचे धाकटे भाऊ माझ्यासमोर बसून हे म्हणाले. कंपनीचे सभासद चार: दोघे भाऊ आणि दोघांच्या बायका. एकूण शेअर एक लाख, त्यात धाकट्यांचे तीस हजार. थोरल्यांनी परस्पर तीन लाख नवे शेअर स्वतःच्या नावावर काढले. सगळ्या भागधारकांना आधी लेखी देकार द्यावा लागतो, तो यांना कधी मिळालाच नाही. धाकट्यांचा हिस्सा ३० टक्क्यांवरून साडेसातवर आला.

त्यांचं खरं नुकसान पुढे झालं. "दहा टक्के नाहीत, दडपशाहीची तक्रार चालणार नाही," असं कुणीतरी सांगितलं आणि ते वर्षभर गप्प बसले. अहो, कंपनी कायद्याचं कलम २४४ पूर्ण वाचा! दहा टक्के भांडवल हा एक मार्ग झाला. दुसरा सभासदसंख्येचा: शंभर सभासद किंवा एकूण सभासदांच्या एक दशांश, यांत जे कमी असेल ते. चौघांच्या कंपनीत एकटा माणूस पुरतो. मी पहिल्या दिवशी हिशोबवह्या मागतच नाही, सभासदांची यादी मागतो.

दुसरी चूक थेट कंपनी गुंडाळण्याच्या मागणीची. चालती भट्टी विझली की साचे आणि यंत्रं भंगाराच्या भावात जातात. आलेल्या पैशातून आधी बँक, कामगार आणि ज्यांचं देणं आहे ते. भागधारक सगळ्यात शेवटी. शिवाय दुसरा उपाय असताना कुणी हट्टाने हेच मागत असेल, तर कलम २७३ खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण, म्हणजे एनसीएलटी, नकार देऊ शकतं.

पण दडपशाहीच्या अर्जातून गुंडाळण्याचा मुद्दा पार गाळूनही चालत नाही. कलम २४२ मध्ये दडपशाही दाखवायची आणि सोबत हेही दाखवायचं, की एरवी कंपनी गुंडाळणं न्याय्य ठरलं असतं, पण तसं केल्याने अर्जदाराचंच अन्यायकारक नुकसान होईल. हे परिच्छेद मी सगळ्यात आधी लिहितो. उतावळे लोक नेमके तेच विसरतात. मग न्यायाधिकरण नव्या शेअरांचं वाटप रद्द करू शकतं, किंवा एकाचे शेअर दुसऱ्याला घ्यायला लावू शकतं.

संचालकपदावरून काढलं, एवढ्यावरच दडपशाही सिद्ध होत नाही. आणि कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलं, तरी हा अर्ज मुंबईच्या एनसीएलटीतच जातो. दिवाणी कोर्टात वेळ घालवू नका.

गुंडाळण्याची मागणी मी कधी करतो? धंदा ठप्प आहे, दोघांचे हिस्से निम्मे-निम्मे आहेत, एकही ठराव होत नाही आणि कुणाकडे दुसऱ्याचे शेअर घ्यायला पैसा नाही, तेव्हा.

धाकट्यांच्या फाउंड्रीत तसं नव्हतं, भट्टी रोज पेटत होती. आम्ही वाटपाला आव्हान दिलं. शेवटी मूल्यांकन झालं आणि थोरल्यांनी त्यांचे शेअर मूळच्या तीस टक्के हिश्श्याच्या भावाने घेतले.